वहीतल्या घराला उत्तर देताना

वहीच्या चौकटीच्या पानावर बॉलपेनने आखलेले खोल्यांचे चौकोन, त्यात 'हॉल १५ × १२', 'किचन १२ × १२' अशी अक्षरं, दोन-तीन ठिकाणी खाडाखोड आणि फोटोखाली एकच ओळ: 'ताई, कसा वाटतो?' गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी घर बांधायला काढलं की इंजिनिअरकडे जाण्याआधी असा एक कागद घरात तयार होतो आणि नातेवाइकांत फिरतो. नुकतंच घर बांधून झालेली आत्येबहीण, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले काका, पुण्यात फ्लॅट घेतलेला मित्र, सगळ्यांकडे तो जातो.

उत्तरंही ठरलेली असतात. 'मस्त!' हे पहिलं. 'किचन थोडं मोठं कर' हे दुसरं. पण किती मोठं आणि कोणत्या खोलीची जागा घेऊन, हे त्यात नसतं. तिसरं उत्तर म्हणजे पाहणाऱ्याने स्वतःच दुसरा नकाशा काढून पाठवणं. तो त्याच्या मनातल्या घराचा असतो, विचारणाऱ्याच्या नव्हे. तिन्हींमध्ये प्रेम असतं, पण ज्याला पुढच्या महिन्यात कंत्राटदाराला पैसे द्यायचे आहेत त्याच्या हाती काही लागत नाही.

उपयोगी उत्तराची सुरुवात प्रश्नाने होते, कारण फोटोतल्या चौकोनांवरून निम्म्याहून अधिक गोष्टी कळतच नाहीत. सगळ्यांत आधी विचारायचं ते काम कुठवर आलंय हे. पान कालच काढलं असेल तर खोल्यांची अदलाबदलही सुचवता येते. इंजिनिअरने त्यावरून मंजुरीचे नकाशे केले असतील तर भिंत सरकवायला पुन्हा कागदपत्रं करावी लागतात. आणि कॉलमचे खड्डे खणून झाले असतील तर दारं, खिडक्या, ओटा, कपाटाच्या जागा एवढ्यावरच बोलणं शहाणपणाचं. त्या टप्प्यावर 'जिना पलीकडे हवा होता' म्हणणं म्हणजे त्या घराला आयुष्यभराची हळहळ देणं.

मग प्लॉटची मापं, उत्तर कुठे, रस्ता कुठे, शेजारी घर आहे का आणि किती मजली, विहीर किंवा बोअर कुठे, घरात कोण कोण राहणार, हे विचारून घ्यावं. शेवटी एक प्रश्न हमखास विचारावा: यातलं काय बदलायचं नाही? कुणाचं स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं असतं, कुणाला जुनं आंब्याचं झाड ठेवायचं असतं. वास्तुशास्त्र पटो न पटो, कुटुंबाने ते ठरवलं असेल तर उत्तर देणाऱ्याने ते प्लॉटच्या सीमेसारखं पक्कं धरावं आणि उरलेल्या जागेत डोकं चालवावं. त्यावर वाद घातला की बाकीच्या चार चांगल्या सूचनाही ऐकल्या जात नाहीत.

एक नमुना घेऊन हे पाहू. घर कल्पनेतलं आहे, पण मापं अशा कागदांवर नेहमी दिसणारी आहेत. प्लॉट दोन गुंठ्यांचा, ३३ फूट रुंद आणि ६६ फूट लांब. एक गुंठा म्हणजे ३३ × ३३, म्हणजेच १०८९ चौरस फूट, त्यामुळे असे लांबुळके प्लॉट पुष्कळ आढळतात. रस्ता पश्चिमेला, अरुंद बाजूला. घर २५ फूट रुंद, ३६ फूट लांब. दोन्ही बाजूंना चार-चार फूट मोकळे, पुढे-मागे पंधरा-पंधरा. आत बारा-बारा फुटांच्या तीन रांगा. पुढच्या रांगेत डावीकडे, म्हणजे उत्तरेला, १५ × १२ चा हॉल आणि उजवीकडे १० × १२ ची आईवडिलांची खोली. मधल्या रांगेत डावीकडे १५ × १२ ची जेवणाची जागा. उजवीकडे आधी १० × ४ च्या पट्ट्यात जिना आणि त्यामागे १० × ८ मध्ये बाथरूम आणि संडास. मागच्या रांगेत डावीकडे १३ × १२ ची मुलाची-सुनेची खोली, उजवीकडे आग्नेय कोपऱ्यात १२ × १२ चं स्वयंपाकघर.

पहिल्या नजरेला नकाशा नेटका आहे. १५ आणि १० मिळून २५, १३ आणि १२ मिळूनही २५, बारा त्रिक छत्तीस. बेरीज इतकी चोख जुळते, तिथेच पाहणाऱ्याने थांबावं. या घरात भिंतींना जाडीच नाही.

पेनाची रेघ म्हणजे भिंत असं गृहीत धरून काढलेला नकाशा ही या कागदांची सर्वांत सार्वत्रिक चूक आहे, आणि ती शोधायला इंजिनिअर असावं लागत नाही. बाहेरची विटेची भिंत नऊ इंची, आतली साडेचार इंची. या घराच्या रुंदीत दोन बाहेरच्या आणि एक आतली भिंत येते: साडेबावीस इंच. आतल्या चार बाजूंना अर्धा-अर्धा इंच गिलावा आणि बाहेरून दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच धरला की झाले २६ इंच, म्हणजे २ फूट २ इंच. पंचवीस फुटांतले राहायला उरले २२ फूट १० इंच. लांबीतही असंच होतं. दोन बाहेरच्या, दोन आतल्या भिंती आणि गिलावा मिळून सुमारे ३१ इंच जातात, छत्तीसचे राहतात साधारण ३३ फूट ४ इंच. कागदावर ९०० चौरस फूट असलेलं घर आतून ७६० च्या आसपास भरतं. आईवडिलांची अख्खी खोली १२० चौरस फुटांची आहे. भिंतींनी त्याहून जास्त जागा घेतली. बाहेरून ब्लॉकची सहा इंची भिंत घेतली तर हे थोडं कमी होईल, पण संपणार नाही.

यावर काही जण म्हणतात, 'लिहिलेली मापं आतली आहेत.' तसं असेल तर ते आणखी महत्त्वाचं. मग घर बाहेरून २७ फूट २ इंच रुंद होतं आणि दोन्ही बाजूंना सोडलेले चार फूट घटून २ फूट ११ इंचांवर येतात. बाजूला किती सामासिक अंतर सोडायचं, हे नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायत हद्दीतल्या बांधकामाच्या नियमांवर, प्लॉटच्या आकारावर ठरतं आणि ते इंजिनिअरकडूनच तपासून घ्यावं लागतं. पण मापं आतली की बाहेरची, हा प्रश्न कुणीही विचारू शकतो, आणि तो विचारला गेल्यावर बहुतेक वेळा नकाशा नव्याने काढला जातो. नव्याने काढताना चौकटीचं पान असलंच तर एक चौकोन म्हणजे एक फूट धरावा आणि भिंत दुहेरी रेघेने दाखवावी. बाकी काही सुचवलं नाही तरी एवढ्यानेच पुष्कळ काम होतं.

भिंतींनंतर जिना. घरगुती नकाशात जिन्याला उरलेली जागा मिळते आणि तो आठ-दहा आडव्या रेघांनी दाखवलेला असतो. खऱ्या जिन्याचं गणित मात्र सवलत देत नाही. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत दहा फूट, म्हणजे १२० इंच चढायचे. पायरीची उंची सात इंचांच्या आसपास ठेवली तर सतरा चढ लागतात. सतरा चढांना सोळा पायठ्या. पाय नीट टेकायला प्रत्येकी दहा इंच. सरळ जिना काढला तर नुसत्या पायऱ्याच १३ फूट ४ इंच लांब होतात, शिवाय खाली आणि वर उभं राहायला जागा हवी. या नकाशात जिन्याच्या पट्ट्याची लांबी कागदावर दहा फूट आहे. भिंतींचा वाटा काढल्यावर ९ फूट २ इंच. त्यात दहा इंची पायठ्या अकराच बसतात, चढ होतात बारा, आणि १२० इंचांना बारांनी भागलं की प्रत्येक पायरी दहा इंच उंच. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या घरात पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच मानते. दहा इंचांची पायरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढवत नाही, आणि हातात वाळवणाचं सूप घेऊन उतरणाऱ्याला पुढची पायरी दिसत नाही.

मग वळणाचा जिना घ्यावा तर? तीन-तीन फुटी दोन ओळी, मध्ये थोडं अंतर, म्हणजे रुंदी साडेसहा फूट. लांबीत आठ पायठ्यांचे ६ फूट ८ इंच आणि वळणावर तीन फुटांचं लँडिंग, एकूण ९ फूट ८ इंच. आणि मधल्या रांगेचा उजवीकडचा सगळा तुकडा भिंती वजा जाता ९ फूट २ इंच गुणिले ११ फूट १ इंच इतकाच आहे. जिना तिथे बसतो, पण बाथरूम आणि संडास दोन्ही बाहेर पडतात. नकाशाची खरी गाठ इथे आहे. हॉल दीड फूट लहान की मोठा, ही नंतरची गोष्ट.

अशी गाठ सापडली की उत्तर देणाऱ्याला मोह होतो तो लगेच सोडवून दाखवण्याचा. त्याआधी पुन्हा एक प्रश्न विचारावा: जिना आत का हवा आहे? वर फक्त पाण्याची टाकी आणि वाळवणं असतील तर जिना बाहेरून काढता येईल का, हे इंजिनिअरला विचारता येतं. पुढे वरचा मजला भाड्याने द्यायचा असेल तर जिना बाहेरूनच बरा, म्हणजे भाडेकरूला हॉलमधून जावं लागणार नाही. वर मुलाचा संसार मांडायचा असेल आणि दोन्ही घरं एकच राहायची असतील तर आतला जिना योग्य, आणि मग त्याला त्याची पुरी जागा द्यायलाच हवी. उत्तर कोणतं, ते विचारणाऱ्यालाच ठाऊक असतं.

समजा, जिना आतच हवा. मग प्लॉटकडे पाहावं. रुंदीत एक फूटही शिल्लक नाही, पण लांबीत पुढे-मागे मिळून तीस फूट मोकळे आहेत. मधली रांग बाराऐवजी सोळा फुटांची केली तर उजवीकडच्या तुकड्याची आतली लांबी १५ फूट १ इंच होते. त्यात ९ फूट ८ इंचांचा जिना आणि मधली भिंत वजा केली की जवळपास पाच फूट गुणिले ९ फूट २ इंच जागा उरते. बाथरूम आणि संडास शेजारी-शेजारी घ्यायला एवढी पुरते. याची किंमतही त्याच दमात सांगावी: बांधकाम शंभर चौरस फुटांनी वाढेल, आणि तेवढा खर्चही. किंमत लपवून दिलेली सूचना ऐकणाऱ्याला महागात पडते.

इथवर सगळी मापं झाली. पण मापात बसलेलं घर राहायला सोयीचं असतंच असं नाही. ते तपासायला पेन्सिलीचं टोक माणूस समजून नकाशावरून चालवावं, आणि दिवसभराच्या कामांतून घरातल्या एकेकाला फिरवून आणावं. रात्रीपासून सुरुवात करावी, कारण रात्री घराची परीक्षा कडक असते.

रात्रीचे दोन वाजले आहेत आणि आईला संडासला जायचं आहे. तिच्या खोलीचं दार हॉलमध्ये उघडतं. हॉलमधून जेवणाच्या जागेत, तिथून जिन्याला वळसा घालून संडासाच्या दाराशी. एरवी हा रस्ता चालून जाईल, पण गौरी-गणपतीला हॉलमध्ये आठ माणसं गाद्या टाकून झोपलेली असतात. नकाशाकडे नीट पाहिलं तर आईची खोली आणि बाथरूम यांच्यामध्ये फक्त जिन्याचा पट्टा आहे. जिना मागे, स्वयंपाकघराकडे, आणि बाथरूम पुढे घेतलं तर ती आईच्या खोलीच्या भिंतीला लागते आणि खोलीतून थेट दार पाडता येतं. दुसरं दार जेवणाच्या जागेतून सगळ्यांसाठी. ही सूचना मधली रांग वाढवण्याच्या सूचनेतच बसते. वेगळा खर्च फक्त एका दाराचा. आणि ज्या बाथरूममध्ये म्हातारी माणसं जाणार तिचं दार बाहेर उघडणारं असावं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार पडलेल्या माणसालाच अडतं आणि मदतीला आलेल्याला ते ढकलता येत नाही.

मग तीच खोली आतून पाहावी. कागदावर दहा फूट रुंद असलेली खोली प्रत्यक्षात ९ फूट २ इंच आहे. डबल बेड साधारण सहा फूट रुंद, साडेसहा फूट लांब. कपाट दोन फूट खोल. बेडची उशाकडची बाजू दक्षिणेच्या भिंतीला लावली तर पायथ्याशी उरतात २ फूट ८ इंच, तिथे कपाट ठेवलं की चालायला आठ इंच. उशी पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीकडे घेतली तर दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाहून थोडं जास्त, आणि पायथ्याशी कपाट ठेवूनही अडीच फूट मोकळे राहतात. म्हणजे खोली चालेल, पण बेडची जागा एकच आहे, आणि दार, खिडकी, पलंगाजवळचं स्विच बोर्ड तिच्यावर ठरणार. 'खोली लहान वाटते' या शेऱ्यापेक्षा हे वाक्य कितीतरी जास्त काम करतं, कारण त्यातून इलेक्ट्रिशियनला काय सांगायचं ते कळतं.

जेवणाच्या जागेत चालण्याऐवजी दारं मोजावीत. हॉलचं, बाथरूमचं, जिन्याचं, स्वयंपाकघराचं, मुलाच्या खोलीचं. पाच वाटा एकाच खोलीत उघडतात. या पाच वाटा पेन्सिलीने एकमेकींना जोडल्या की कळतं, खोलीच्या मधोमध सतत वर्दळ राहणार आणि सहा माणसांचं टेबल कुठेही ठेवलं तरी कुणाच्या ना कुणाच्या वाटेत येणार. फ्रिज टेकवायला सलग भिंतही फारशी उरत नाही. दारं एका बाजूला सरकवून वाट भिंतीलगत नेली तर खोलीचा दुसरा अर्धा भाग शांत होतो. यासाठी भिंत हलवावी लागत नाही. चौकटी कुठे बसवायच्या एवढंच ठरवायचं, म्हणून काम बरंच पुढे गेलं असलं तरीही ही सूचना उपयोगी पडते.

याच खोलीचा उजेडही पाहायला हवा. हॉलला पश्चिमेकडून आणि उत्तरेकडून खिडक्या निघतात, मागच्या दोन्ही खोल्यांनाही दोन-दोन बाजू मोकळ्या आहेत. मधल्या खोलीला एकच बाहेरची भिंत, तीही उत्तरेची, आणि चार फुटांवर शेजाऱ्याची हद्द. तिथे आज मोकळा प्लॉट असेल, उद्या दोन मजली घर उभं राहील. ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 'अ पॅटर्न लँग्वेज' हे पुस्तक १९७७ मध्ये आलं. घर आणि गाव कसं असावं याची २५३ सूत्रं त्यात आहेत, आणि त्यांतलं एक सांगतं की प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा. आपल्याकडे जुन्या वाड्यांत मधल्या चौकाने तो दिला. इथे जिन्यावरून तो आणता येईल: जिन्याच्या वळणावर दक्षिणेला मोठी खिडकी घेतली आणि जिना बंद खोलीत न कोंडता जेवणाच्या जागेकडे उघडा ठेवला तर दिवसभर वरून उजेड उतरत राहील. मात्र पुढे वरचा मजला भाड्याने जाणार असेल तर हा मार्ग बंद. म्हणून जिन्याविषयीचा तो प्रश्न आधी.

दिशेचा एक मुद्दा राहतो, आणि तो मांडताना जपून मांडावा. घराचं तोंड पश्चिमेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ऊन थेट हॉलवर आणि आईवडिलांच्या खोलीवर येणार. नऊ इंची भिंत तापत राहते आणि ती ऊब झोपायच्या वेळेपर्यंत आत झिरपते. पावसाळ्यात सरीही त्याच बाजूने, पश्चिम-नैर्ऋत्येकडून. मापात पाहता सल्ला सरळ आहे: आईवडिलांना मागची, पूर्वेकडची खोली द्या. पण ही खोली पुढे का काढली, ते विचारलं तर उत्तर असं मिळू शकतं की वडील दिवसभर घरीच असतात आणि त्यांना रस्त्यावरची माणसं दिसायला हवीत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलता यायला हवेत. हे कारण उन्हापेक्षा मोठं आहे. मग खोली तिथेच ठेवावी आणि पुढच्या मोकळ्या जागेत काही फूट खोल ओसरी घ्यावी, किंवा निदान खिडकीवर अडीच फुटी छज्जा. ओसरीने ऊन अडतं, पाऊस अडतो आणि वडिलांना बसायला जागाही होते. प्रत्येक विचित्र वाटणाऱ्या रेघेमागे असं कारण असण्याची शक्यता असते, म्हणून 'हे चुकलंय' म्हणण्याआधी 'हे इथे का घेतलं?' विचारावं.

नकाशात जे चांगलं आहे, तेही नेमकं सांगायला हवं. कौतुकासाठी नव्हे, पुढच्या फेरीत चुकून ते मोडलं जाऊ नये म्हणून. या कागदात बाथरूम, संडास आणि स्वयंपाकघर तिन्ही दक्षिणेच्या एकाच बाजूला आहेत, त्यामुळे पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप एकाच बाहेरच्या भिंतीने जातात आणि झोपायच्या खोल्यांखालून गटार जात नाही. हे लिहून पाठवलं नाही तर दुसऱ्या कुणाच्या सूचनेवरून संडास उत्तरेला जाऊ शकतो.

विहीर-बोअरचा प्रश्नही याच वेळी सुटतो. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर, म्हणजे सुमारे ५९ फूट लांब असावा, असं भारतीय मानक सांगतं. बोअर प्लॉटच्या मागच्या टोकाला असेल तर ६६ फुटांच्या प्लॉटवर खड्डा अगदी रस्त्यालगतच घ्यावा लागेल, आणि गटाराचा उतार त्या दिशेने काढावा लागेल. शेजाऱ्याची विहीरही मोजायला विसरू नये. हे अंतर मिळत नसेल तर इंजिनिअरशी बोलायचा हा पहिला विषय.

आता हे सगळं लिहून पाठवायचं कसं? पंधरा मुद्द्यांची यादी मिळाली की माणूस गांगरतो आणि त्यांतला सोपा मुद्दा, म्हणजे खिडकी मोठी करणं, आधी करतो. म्हणून नंतर बदलायला जे सर्वांत कठीण, ते पहिलं. आणि तीन-चार मुद्द्यांपलीकडे जाऊ नये. या नकाशाला ताईचं उत्तर असं जाऊ शकतं:

'नकाशा पाहिला. पाण्याच्या जागा सगळ्या दक्षिणेला घेतल्यास ते उत्तम, तसंच ठेव. दोन गोष्टी आधी सांग: मापं भिंतीच्या आतली की बाहेरची? आणि जिना आतच हवा का, वर काय करायचंय? भिंती धरल्या तर रुंदीतले सव्वादोन फूट जातात, आणि जिन्याला साडेसहा बाय पावणेदहा लागतात. आता काढलाय तिथे पायरी दहा इंचांची होईल, आईला चढवणार नाही. मधली रांग चार फूट वाढवून जिना किचनकडे आणि बाथरूम आईच्या खोलीला लागून घेता येईल का, बघ. शंभर फूट बांधकाम वाढेल, तेव्हा बजेट बघूनच. अण्णांची खोली पुढेच हवी असेल तर ओसरी घे, पश्चिमेचं ऊन आहे. कॉलम, पाया आणि सामासिक अंतर इंजिनिअरला विचार, त्यातलं मला कळत नाही.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पुढच्या रांगेतली मधली भिंत डावीकडून पंधरा फुटांवर आणि मागच्या रांगेतली तेरा फुटांवर आहे, हे पाहणाऱ्याला दिसतं. बीम सरळ जाणार नाही अशी शंका येते. पण दोन्ही भिंती एका ओळीत आणाव्यात की कॉलम वेगळे घ्यावेत, हे जमीन आणि वरचे मजले पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. नात्यातल्या माणसाने शंका कळवावी, निर्णय देऊ नये. पायाची खोली, सळईचा व्यास, कॉलमचा आकार यांवर फोटो पाहून दिलेलं मत धोक्याचं असतं.

नवा नकाशा आला की पुन्हा मत द्यायची घाई नको. त्याआधी प्लॉटवर चुन्याने आखणी करायला सांगावं. भिंतीच्या दोन्ही कडा, दारांच्या फटी, जिन्याची पहिली पायरी, सगळं खऱ्या मापात जमिनीवर. आईला तिच्या खोलीतून बाथरूमपर्यंत चालायला सांगावं, सुनेला ओट्याच्या जागी उभं करावं, पलंगाच्या मापाची चटई अंथरून पाहावी. एक मात्र आधीच बजावून ठेवावं: उघड्या माळावर नुसत्या रेघांनी आखलेल्या खोल्या आहेत त्यापेक्षा लहान भासतात. घाबरून तिथल्या तिथे खोल्या वाढवल्या की सामासिक अंतर आणि बजेट दोन्ही बिघडतं. म्हणून डोळ्यांवर न जाता टेप लावावी आणि सध्याच्या घरातली खोली मोजून तिच्याशी ताडून पाहावं.

आणि जे नकाशा पाठवणार आहेत, त्यांनी फोटो काढण्याआधी कागदाच्या कडेला एवढं लिहावं: उत्तर दिशेचा बाण, रस्ता, प्लॉटची लांबी-रुंदी, मापं आतली की बाहेरची, घरात राहणारी माणसं आणि त्यांची वयं, आणि काय बदलायचं नाही. फोटो कागदाच्या बरोबर वरून काढावा, तिरपा काढला की खोल्यांची प्रमाणं बदलतात. त्याखाली 'कसा वाटतो?' ऐवजी मनात जी खरी शंका आहे तीच विचारावी: 'जिना बसेल का?', 'आईला रात्री जाता येईल का?' उत्तर देणाऱ्याला मग त्याच शंकेपासून सुरुवात करता येते.